नव्या गाडीचे खरे वय

गेल्या जानेवारीत माझ्या भाच्याने नव्या मोटारीची नोंदणी केली. विक्रेता म्हणाला, ‘गाडी कालच आली आहे.’ भाचा निर्धास्त झाला. मी त्याला एवढेच म्हटले, ‘बाबा रे, दुकानात आलेल्या पोत्यावरची तारीख तू पाहतोस ना? मग इथे का पाहत नाहीस?’ पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी आम्ही गाडीचा चॅसिस क्रमांक लेखी मागवला आणि गाडी पाहावयास गेलो.

हा क्रमांक सतरा अक्षरांचा असतो. त्यातील दहावे अक्षर बहुतेक कंपन्यांत वर्ष सांगते : ‘पी’ म्हणजे २०२३, ‘आर’ म्हणजे २०२४, ‘एस’ म्हणजे २०२५. अंकांशी गल्लत होऊ नये म्हणून आय, ओ, क्यू ही अक्षरे चॅसिस क्रमांकात वापरीतच नाहीत. महिन्याच्या खुणेची जागा मात्र कंपनीगणिक बदलते. काही कंपन्या दहाव्या जागी उत्पादनाऐवजी मॉडेलचे वर्ष घालतात. म्हणून केवळ अक्षरावर विसंबू नये. विक्रेता देतो त्या विक्री प्रमाणपत्रात, म्हणजे फॉर्म २१ मध्ये, उत्पादनाचा महिना व वर्ष लिहिलेले असते. त्याच्याशी ताळा करावा.

आमच्या गाडीत दहावे अक्षर ‘आर’ निघाले आणि कागदावर एप्रिल २०२४. टायरच्या कडेवर ०९२४ असे आकडे होते, म्हणजे २०२४ चा नववा आठवडा. टायर गाडीच्या थोडा आधी तयार होतो, तेव्हा हा हिशेब जुळला. टायरची तारीख गाडीनंतरची असती, तर तो का बदलला, हे विचारावे लागले असते.

म्हणजे गाडी नऊ महिन्यांची होती. पण ती सारा काळ याच दुकानात होती का? उत्पादनाची तारीख ते सांगत नाही. त्यासाठी कंपनीने विक्रेत्याला दिलेले बिल पाहावे लागते. ते सप्टेंबरचे होते. पाच महिने गाडी कंपनीच्या गोदामात वा वाटेत, चार महिने विक्रेत्याकडे. ‘कालच आली’ हे विधान तिथेच कोसळले.

उभ्या गाडीत प्रथम बॅटरी खचते. काही तास बंद असलेल्या गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते; आमची १२.१ वर होती. टायरचा जमिनीला टेकलेला भाग चपटा होऊ शकतो. तो चालवताना थरथर जाणवून कळतो. ब्रेकच्या तबकडीवरचा पातळ गंज थोडे चालवल्यावर जातो, त्याचा बाऊ करू नये.

खरे नुकसान पैशाचे असते. नोंदणीपुस्तकात २०२४ हेच वर्ष राहणार आणि पुढे विकताना गिऱ्हाईक तेच पाहणार. भाच्याने हे शांतपणे मांडले. नवी बॅटरी आणि किमतीत सूट, दोन्ही लेखी मिळाल्यावरच त्याने धनादेश दिला. नोंदणी होऊन गेल्यावर हा सौदा जमला नसता.