स्वागत-संदेशाची भाषा: अभिवादन आणि मार्गदर्शन

ग्राहकाने एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळावरील संवाद-चौकट उघडताच जो मजकूर त्याला प्रथम दिसतो, त्याला स्वागत-संदेश म्हणतात. येथे भाषेला दोन कामे एकाच वेळी करावी लागतात. अभिवादन संबंध जोडते आणि मार्गदर्शन कृती सुचवते. समोरासमोरच्या बोलण्यात ही कामे क्रमाने होतात. दुकानात ‘नमस्कार’ला ‘नमस्कार’ मिळतो आणि मग ‘काय काम होतं?’ हा प्रश्न येतो. (काम आत्ताच असूनही येथे ‘होतं’ वापरले जाते; भूतकाळामुळे प्रश्नाचा रोखठोकपणा कमी होतो.) लेखी संदेशात मात्र प्रत्युत्तराला मध्ये जागाच नसते. संवाद-विश्लेषणाचे अभ्यासक हार्वे सॅक्स यांच्या निरीक्षणानुसार बोलणाऱ्याने शेवटी जे विचारले, त्याचेच उत्तर ऐकणारा आधी देतो. म्हणून स्वागत-संदेशातील शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे ठरते.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती घेऊन हे तपासू. खरीप २०२४ मध्ये प्रधानमंत्री पीक विमा योजनेत शेतात पाणी साचण्यासारख्या स्थानिक आपत्तीने नुकसान झाल्यास ७२ तासांच्या आत सूचना द्यावी लागे. अशा वेळी गेवराई तालुक्यातील एका शेतकऱ्याने मोबाइलवर विमा मदतीची संवाद-चौकट उघडली, असे समजू. पुढील संदेश अभ्यासासाठी रचला आहे:

‘नमस्कार! आमच्या ग्राहक सहाय्यता सेवेत आपले हार्दिक स्वागत आहे. आपण सूचना ७२ तासांत नोंदवायची आहे. कृपया अर्ज क्रमांक, गट क्रमांक, पीक व नुकसानीचा दिनांक प्रविष्ट करावा. आम्ही आपली कशी मदत करू शकतो?’

शेतकरी उत्तर देतो, ‘सोयाबीनमध्ये पाणी साचलंय.’ त्याने शेवटच्या प्रश्नाचे चोख उत्तर दिले आहे. मधली चार माहितीस्थाने त्याने टाळलेली नाहीत. शेवटच्या प्रश्नाने ती झाकली गेली. शिवाय हा प्रश्न इंग्रजी सेवाभाषेचा शब्दशः अनुवाद आहे. मराठी माणूस अशा वेळी ‘बोला’ किंवा ‘सांगा’ म्हणतो.

याहून गंभीर अडचण ‘आपण’ या शब्दात आहे. मराठीत ‘आपण’चे दोन अर्थ होतात: आदरार्थी ‘तुम्ही’ आणि ऐकणाऱ्याला धरून ‘आम्ही-तुम्ही’. ‘आपण नोंद करू’ आणि ‘आपण नोंद कराल’ यांतील फरक क्रियापदाच्या प्रत्ययातून कळतो. ‘आपण सूचना नोंदवायची आहे’ या वाक्यात मात्र क्रियापद ‘सूचना’ या कर्माप्रमाणे चालते, कर्त्याचा पुरुष दाखवत नाही. ‘आपण सूचना नोंदवली आहे’ याचीही तीच गत. नोंद कोणी करायची, हे वाक्यातून ठरत नाही. चौकटीत लिहिले म्हणजे नोंद झाली असे शेतकऱ्याने मानले, तर तो निर्धास्त राहतो आणि मुदत निघून जाते. आदर दाखवण्यासाठी निवडलेला शब्द येथे कर्ताच लपवतो. माझ्या मते अशा संदेशात ‘तुम्ही’ हेच योग्य. ‘तुम्ही’त आदर कमी होतो ही समजूत कार्यालयीन लेखनाची आहे, बीडच्या बाजारातली नाही.

आता तोच मजकूर पुन्हा लिहू:

‘नमस्कार. पीक विमा मदत कक्ष, बीड. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत तुम्ही सूचना नोंदवणे आवश्यक आहे. इथे लिहिल्याने नोंद होत नाही. नोंदीसाठी १४४४७ वर फोन करा किंवा क्रॉप इन्शुरन्स ॲप वापरा. त्यात अडचण असल्यास आमचे कर्मचारी सकाळी ९ ते सायंकाळी ६ या वेळेत येथे उत्तर देतील. नुकसान कोणत्या तारखेला झाले?’

अभिवादन एका शब्दाचे राहिले. गावोगावी ‘रामराम’, ‘जय हरी’, ‘सलाम’, ‘जय भीम’ अशी निरनिराळी अभिवादने चालतात आणि प्रत्येकातून बोलणाऱ्याची ओळखही कळते. समोर कोण आहे हे ठाऊक नसताना ‘नमस्कार’ हे त्यांतल्या त्यात तटस्थ आहे. ‘हार्दिक स्वागत’ गाळले, कारण पीक पाण्यात असलेल्या माणसाला ते समारंभाचे वाटते.

चार माहितीस्थानांच्या जागी एकच प्रश्न आला, तोही शेवटी. तारीखच का विचारली? अर्ज क्रमांक पावतीवर असतो आणि पावती बांधावर हाताशी असेलच असे नाही. तारीख मात्र शेतकऱ्याला कागदाविना सांगता येते. शिवाय ७२ तासांपैकी किती उरले, हे तिच्यावरूनच कर्मचाऱ्याला कळते. उरलेली माहिती पुढच्या प्रश्नांत एकेक करून घेता येते.

या रचनेलाही मर्यादा आहे. रात्री दहा वाजता चौकट उघडणाऱ्यास तारीख विचारून तासन्‌तास उत्तर न देणे हे त्याला टाळल्यासारखे होईल. कार्यालय बंद असताना शेवटचा प्रश्न काढावा आणि त्या जागी ‘उत्तर उद्या सकाळी ९ नंतर मिळेल, नोंद मात्र आत्ताच करा’ असे वाक्य ठेवावे.