फलक वाचला, पण कोणासाठीचा?

जर्मनीतल्या एखाद्या आउटोबानवर गाडी १२० च्या वेगाने मधल्या लेनमधून चालली आहे. उजवीकडे बाहेर पडणारा रॅम्प फुटतो आणि त्याच्या वळणाआधी ६० चा गोल फलक उभा असतो. तो अर्थातच रॅम्पने उतरणाऱ्यांसाठी. पण सरळ जाणाऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवरही १२० पुसले जाऊन ६० उमटतात आणि टुंग टुंग सुरू होते. क्रूझ कंट्रोलला फलकाप्रमाणे वेग आपोआप घेण्याची मुभा दिलेली असेल तर प्रकरण टुंग टुंगवर थांबत नाही. गाडी भर रस्त्यात वेग सोडू लागते आणि मागचा चालक हेडलाइट मारू लागतो.

अशा वेळी ‘कॅमेऱ्याला आकडा नीट दिसला नाही’ असे म्हणण्याची पद्धत आहे. खरे तर आकडा त्याने अगदी बरोबर वाचलेला असतो.

आकडे वाचण्यात यंत्राने माणसाला केव्हाच मागे टाकले आहे. २०११ साली जर्मन रस्त्यांवरच्या फलकांची पन्नास हजारांहून अधिक चित्रे घेऊन एक स्पर्धा झाली. चित्रातला फलक ४३ प्रकारांपैकी कोणता, एवढेच ओळखायचे होते. स्वित्झर्लंडमधल्या एका संशोधक गटाच्या प्रणालीने ९९.४६ टक्के फलक अचूक ओळखले. त्याच चित्रांवर माणसांची सरासरी ९८.८४ टक्के आली. मात्र त्या स्पर्धेत प्रत्येक फलक कापून समोर ठेवलेला होता. रस्त्यावर यंत्राला आणखी एक प्रश्न सोडवावा लागतो, आणि तो जास्त अवघड आहे: हा फलक माझ्यासाठी आहे का?

माणूस हे नकळत ठरवतो. फलक कुठल्या बाजूला आहे, बाण कुठे वळला आहे, आपण कुठे चाललो आहोत, हे सगळे त्याच्या डोक्यात एका क्षणात जुळते. कॅमेऱ्याला फक्त काचेसमोरचे दृश्य मिळते. म्हणून शेजारच्या सर्व्हिस रोडवरचा ३० तो आपला समजतो. जर्मनीत ताशी १०० ची परवानगी मिळालेल्या बस आणि कॅरॅव्हॅन पाठीवर १०० चा गोल स्टिकर लावतात. त्यांच्या मागे लागलेल्या गाडीला तो रस्त्यावरचा फलक वाटू शकतो. फलकाखालची छोटी पाटी तर कायमची डोकेदुखी. ‘पावसात’, ‘रात्री १० ते सकाळी ६’, किंवा नुसतेच ट्रकचे चित्र. वरचा ८० सहज वाचला जातो, पण खालची अट लागू आहे की नाही हे ठरवायला घड्याळ, रस्त्याचा ओलेपणा आणि वाहनाचा प्रकार एकत्र जुळवावा लागतो.

आणि आकडाच नसला तर? जर्मनीत गावाच्या नावाची पिवळी पाटी आली की तिथून ५० ची मर्यादा सुरू होते. त्यासाठी ५० लिहिलेला फलक लागत नाही. अशा ठिकाणी गाडी नकाशावर अवलंबून राहते, आणि नकाशा शिळा असतो. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांची मर्यादा एका दिवसात ३० मैलांवरून २० वर आली. गाडीतला नकाशा मात्र अपडेट मिळेपर्यंत जुनाच राहतो. कॅमेरा एक सांगतो आणि नकाशा दुसरेच. दोघांतला कौल कोणाला द्यायचा, हे कंपनीच्या सॉफ्टवेअरने ठरवलेले असते.

वाचण्यातल्या खऱ्याखुऱ्या चुकाही होतात. समोरून येणारे मावळतीचे ऊन, काचेवर कॅमेऱ्यासमोर साचलेला चिखल, आणि एलईडीचे फलक. एलईडी डोळ्याला सलग दिसते, पण बऱ्याचदा ती वेगाने लुकलुकत असते. कॅमेऱ्याची उघडझाप नेमकी विझलेल्या क्षणी झाली तर अर्धा आकडा गायब. २०२० मध्ये मॅकॅफीच्या संशोधकांनी ३५ च्या फलकावरील ३ ची मधली रेघ काळ्या चिकटपट्टीने जेमतेम दोन इंच लांबवली. टेस्लाच्या २०१६ च्या गाड्यांतल्या जुन्या कॅमेऱ्याने तो ८५ वाचला आणि क्रूझवरची गाडी वेग वाढवू लागली.

आता ‘सूट’ किती ठेवायची, हा प्रश्न. मर्यादेपेक्षा किती किलोमीटर वर गेल्यावर गाडीने ओरडावे, हे अनेक गाड्यांत ठरवता येते. टोयोटाच्या कित्येक मॉडेलांत २, ५ किंवा १० यांतून निवडता येते. ह्युंदाई आणि किया यांच्या मेनूत Speed Limit Offset दिसते. टेस्लात फलकाच्या तुलनेत वर-खाली किंवा एकच ठाम आकडा असे दोन पर्याय आहेत. पुष्कळ चालक खोट्या इशाऱ्यांना कंटाळून ही सूट वाढवतात. त्याने काहीच साधत नाही. रॅम्पवरचा ६० आपला समजणाऱ्या गाडीला १० ची सूट दिली तर ती ७० ला ओरडेल, आणि चालक तर १२० वर आहे. सूट फक्त वेग मोजण्यातला बारीक फरक झाकण्यासाठी असते.

तो फरक आपल्या गाडीत किती, हे आधी पाहावे. स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवायचे नाही, पण दहा टक्के अधिक चार किलोमीटरपर्यंत जास्त दाखवले तरी चालते, असा संयुक्त राष्ट्रांचा नियम युरोपात लागू आहे. सरळ, सपाट, मोकळ्या रस्त्यावर क्रूझ लावून काटा १०४ वर ठेवावा आणि सोबत्याला मोबाइलवरचा जीपीएस वेग वाचायला सांगावे. तो १०० आला, तर काटा चार टक्के पुढे आहे. आता मर्यादा स्पष्ट ठाऊक असलेल्या रस्त्यावर क्रूझचा वेग एकेक किलोमीटर वाढवत इशारा कधी वाजतो ते पाहावे. गाडी काटा मोजते की खरा वेग, ते तिथेच उघड होते.

समजा, ती काटा मोजते आणि सूट ५ आहे. १०० च्या रस्त्यावर इशारा काट्यावर १०५ गेल्यावर येईल, म्हणजे खरा वेग सुमारे १०१. ठीक. पण ३० च्या गल्लीत तीच सूट काट्यावर ३५, म्हणजे खरा वेग जवळपास ३४ होऊ देते. आणि १० ठेवली तर काटा ४० वर गेला तरी गाडी गप्प! एका सेकंदाचा प्रतिसाद धरला तर कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगाने गाडी थांबायला साधारण १३ मीटर लागतात, ४० ने १९. शाळेसमोर हे सहा मीटर फार असतात. म्हणून अशा गाडीत २ ते ५ च्या वर जाण्यात अर्थ नाही. गाडी खरा वेगच मोजत असेल तर शून्य किंवा २ पुरे.

खोट्या इशाऱ्यावरचा उपाय वेगळ्याच मेनूत असतो. फलकाप्रमाणे क्रूझचा वेग आपोआप बदलणे बंद करावे, किंवा चालकाने बटण दाबून मान्यता दिल्यावरच बदल होईल असे ठेवावे. मग चुकीचा ६० फक्त पडद्यावर राहतो, ब्रेकपर्यंत पोचत नाही. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत वेगमर्यादेचा इशारा सक्तीचा आहे. तो त्या प्रवासापुरता बंद करता येतो, पण गाडी पुन्हा सुरू केली की तोही पुन्हा सुरू होतो.

भारतात १ जुलै २०१९ पासून बनलेल्या मोटारींत ८० ओलांडल्यावर मिनिटागणिक आणि १२० नंतर सतत वाजणारी घंटी असते. तिचा फलकांशी काही संबंध नाही. तिला कॅमेराच नाही. फलक वाचणारी सोय महिंद्रा एक्सयूव्ही ७०० सारख्या गाड्यांत आली आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर मोटारी आणि अवजड वाहने यांच्या मर्यादा वेगळ्या असतात, शिवाय ट्रकांच्या पाठीवर रंगवलेले ४० आणि ८० चे आकडे सतत समोर येतात. तिथे पडद्यावरचा आकडा पाहिल्यावर चालकाने एकदा वरचा फलकही पाहून घ्यावा.