स्वप्नातल्या पुरणपोळीला चव का नसते?

डोळे मिटून आईचा चेहरा आठवा. लगेच समोर येतो. तिची हाकही कानात घुमते. आता तिने आमटीला दिलेली लसणाची फोडणी आठवून पाहा. कढईतला तडतडाट आठवेल, पण नाकात वास बहुधा येणार नाही. मागे दुखलेली दाढही आठवते, पण आठवल्याने ती पुन्हा ठणकत नाही. स्वप्नांचंही बरंचसं असंच आहे.

कॅनडातील अँटोनियो झाड्रा आणि सहकाऱ्यांनी १६४ जणांनी घरी लिहिलेली ३,३७२ स्वप्नं तपासली. निम्म्याहून अधिक स्वप्नांत आवाज होते, वास किंवा चव मात्र सुमारे एक टक्क्यातच. पुरणपोळी खाल्ल्याचं स्वप्न पडतं, पण गोडवा जिभेवर उतरतोच असं नाही. अर्थात न विचारता वासाबद्दल कोण लिहितं, हीही अडचण आहे.

म्हणून जर्मनीतील मायकेल श्रेडल यांच्या गटाने थेट झोपेतच प्रयोग केला. सर्वाधिक जिवंत स्वप्नं रेम झोपेत पडतात. तेव्हा बुबुळं पापण्यांखाली वेगाने हलत असतात. त्या वेळी १५ स्त्रियांच्या नाकात कधी गुलाबासारखा, तर कधी सडक्या अंड्याचा वास सोडला आणि थोड्याच वेळात त्यांना उठवलं. स्वप्नात तो वास क्वचितच शिरला होता, पण स्वप्नाचा भाव बदलला होता: गुलाबाने ते सुखद झालं, अंड्याने त्रासदायक. म्हणजे वास मेंदूपर्यंत पोचला होता. वासाची वाट मेंदूतल्या भावनांच्या केंद्राजवळून जाते आणि रेम झोपेत ते केंद्र चांगलंच जागं असतं. त्यामुळे वास वास म्हणून न जाणवता स्वप्नाला नुसता रंग देऊन गेला असावा.

वेदनेचं थोडं वेगळं आहे. निरोगी लोकांच्या ३,०४५ स्वप्नांत फक्त १८ वेळा वेदना आढळली. याउलट, भाजलेल्या २८ रुग्णांना रोज सकाळी स्वप्नं विचारली, तेव्हा ६३ पैकी १९ स्वप्नांत वेदना होती. टोर नील्सन यांनी तर झोपलेल्यांच्या पायाला रक्तदाब मोजण्याचा पट्टा बांधून तो फुगवला. काही जणांच्या स्वप्नात पाय खरोखर दुखला. वेदनेला स्वप्नाचं दार बंद नाही, पण तिला बहुतेकदा शरीरातून ढकलावं लागतं. बहुतेकदाच, कारण जाग येताच नाहीशी होणारी स्वप्नवेदनाही काहींनी अनुभवली आहे. तिला बाहेरून काहीच लागलं नव्हतं.

यावरून एक गोष्ट दिसते. डोळे मिटलेले असतानाही मेंदूचा चित्रं जुळवणारा भाग रेम झोपेत जोरात चालतो, म्हणून स्वप्न चित्रांचं बनतं. जागेपणी कल्पनेने जे उभं करता येतं, तेच झोपेत सहज उभं राहतं. फोडणीचा वास दोन्हीकडे हुलकावणी देतो.