बल्ब उडतात, बॅटरी उकळते : दोष रेग्युलेटरचा

पोलादपूरहून कापडाचे गठ्ठे घेऊन आम्ही मोटरसायकलवर गावोगाव फिरतो. गेल्या पावसाळ्यात एका महिन्यात हेडलाइटचे तीन बल्ब उडाले. बॅटरीचे पाणी दर आठवड्याला कमी होऊ लागले आणि एकदा ॲसिड उतू जाऊन लुंग्यांच्या गठ्ठ्याला भोके पडली. मिस्त्रीने आधी बल्ब डुप्लिकेट ठरवले, मग बॅटरी बदलली. नवी बॅटरीही पंधरा दिवसांत उकळू लागली, तेव्हा आम्ही मूळ कारण शोधायचे ठरवले.

इंजिन जितके जोरात फिरते तितकी मॅग्नेटची कॉइल जास्त वीज तयार करते. त्या विजेला आवर घालून ती बॅटरीला योग्य रूपात देणारा पंख्यांसारख्या पात्यांचा छोटा डबा म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर. मिस्त्री त्याला आर. आर. युनिट म्हणतात. त्याचा आवर सुटला की जादा व्होल्ट बल्बची तार जाळतात आणि बॅटरीतल्या पाण्याचा वायू करून टाकतात. सीलबंद बॅटरी असेल तर ती फुगते. म्हणून दोन्ही तक्रारी एकदम आल्या, तर आधी याच डब्यावर संशय घ्यावा.

तपासणीस साधा मल्टिमीटर पुरतो. तो डीसी २० व्होल्टवर ठेवून तारा बॅटरीच्या दोन टोकांना लावाव्यात. आमच्या १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना १२.६ दिसले, हळू चालताना १३.८, पण रेस देताच आकडा १६.९ वर गेला. रेस दिल्यावर तो साधारण १४ ते १४.५ वर थांबायला हवा. १५ च्या वर चढत राहिला तर दोष समजावा.

तरी लगेच युनिट बदलू नये. बॅटरीची टोके सैल असली किंवा युनिटच्या अर्थिंगला गंज चढला, तरी असेच होते. आम्ही टोके आवळली, अर्थिंगचा बोल्ट घासून साफ केला आणि पुन्हा मोजले. आकडा १६.८ आला, म्हणजे युनिटच गेले होते. नवे बसवल्यावर तो १४.३ वर थांबला आणि बल्ब टिकले. काही गाड्यांत हेडलाइटची वीज बॅटरीतून न येता थेट कॉइलकडून येते. तिथे बॅटरीचा आकडा बरोबर असूनही बल्ब उडू शकतो, म्हणून दिव्याच्या तारेवरचे व्होल्ट वेगळे, मीटर एसीवर ठेवून, मोजावे लागतात.

दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून पाहू नये, त्याने इग्निशनचे युनिट जळू शकते. उकळणाऱ्या बॅटरीजवळ काडी किंवा विडी पेटवू नये, तो वायू भडकतो.

रेग्युलेटरची पाती गरम हवेत सोडण्यासाठी असतात. आमच्या पात्यांवर घाटातला चिखल थापला होता. पावसाळ्यात ती धुऊन मोकळी ठेवावीत. आमचे नवे युनिट बॅटरीपेक्षा स्वस्त पडले. महाग पडल्या त्या लुंग्या.