दहा हजारांची वाट

जुलै-ऑगस्ट २०२१ मध्ये लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा टप्पा ओलांडला. त्या हंगामाचा हमीभाव ३,८८० रुपये होता आणि शेतकऱ्यांचा बहुतेक माल दिवाळीच्या आसपास चार-साडेचार हजारांत आडतीवर उतरून गेला होता. म्हणजे हा भाव निघाला तेव्हा लातूर-नांदेडच्या कास्तकाराकडे विकायला फारसे काही उरलेच नव्हते. आवक थोडी, घेणारे घाईत. तरी आकडा मोबाइलवरून गावोगाव पोहोचला आणि लोकांच्या डोक्यात घर करून बसला.

या भावातला खरा भाग किती, हे प्लँटवाल्याच्या हिशेबातून कळते. एक क्विंटल सोयाबीन गाळले की ढोबळमानाने अठरा किलो तेल आणि ब्याऐंशी किलोच्या आसपास पेंड निघते. सोयाबीनला आपण तेलबी म्हणतो, पण पैसा मुख्यतः पेंडीचा, आणि तिचे मोठे गिऱ्हाईक म्हणजे पोल्ट्री. त्या उन्हाळ्यात पेंड टनाला ऐंशी-नव्वद हजारांवर गेली होती. किलोला नव्वद धरले तर पेंडीचे ७,३८० रुपये, तेल एकशे तीस धरले तर २,३४० रुपये, बेरीज ९,७२०. गाळपाचा खर्च वजा जाता नऊ हजार तीनशेच्या पुढे कोणत्याही प्लँटला परवडत नव्हते. त्यावरचे सगळे पैसे, माझ्या मते, उद्या आणखी चढेल या भरवशाचे होते. आणि पेंडीचा तो भाव तरी कुठे टिकणारा होता? पोल्ट्रीवाल्यांनी ओरड केली. ऑगस्टमध्ये केंद्राने जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची बारा लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली. नवा माल येऊ लागला तेव्हा सप्टेंबर-ऑक्टोबरात बाजार पाच हजारांच्या घरात उतरला.

इथे गोष्ट संपली असती तर तिला फुगा फुटला म्हणून सोडून देता आले असते. पण शेतकऱ्यांनी माल घरात धरला, आवक आटली आणि नोव्हेंबरअखेर भाव पुन्हा सहा हजारांवर आला. पुढे युक्रेनचे युद्ध सुरू झाले, इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात रोखली, आणि २०२२ च्या वसंतात सोयाबीन सात हजारांच्या पुढे गेले. ज्याने थांबायचे धाडस केले तो जिंकला, ज्याने घाईने विकले तो गावात वेडा ठरला. एकदा लागू पडलेला हा धडा पुढच्या वर्षी सगळ्यांनीच गिरवला. त्यातच त्याचे मरण होते.

सोयाबीन विकण्याचे पीक न राहता ठेव झाले. भाव वाढेल म्हणून धरून ठेवलेली वस्तू शेअरसारखीच वागते, मग ती घरातल्या थप्पीत का असेना. अमेरिकन यादवी युद्धात कापूस तेजीत आला तेव्हा मुंबईत बॅक बे रेक्लमेशनचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला होता. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि तो कोसळला. तेजीचे कारण बाहेरचे होते, ते संपणेही बाहेरच ठरले. आपल्याकडेही तसेच झाले. पेंडीची परदेशी मागणी मंद, खाद्यतेलाचे आयातशुल्क उतरवलेले, आणि प्रत्येक घरात शिल्लक. भाव दोनशेने सुधारला की धरलेला माल बाहेर पडायचा आणि तो पुन्हा दाबला जायचा.

एका घराचा हिशेब मांडू. समजा, ऑक्टोबर २०२२ मध्ये वीस क्विंटल माल पाच हजारांनी विकला असता तर एक लाख आले असते. तो ऑगस्ट २०२४ ला, साधारण बेचाळीसशेने गेला. चौऱ्याऐंशी हजार. मधल्या काळात वार्षिक बारा टक्क्यांनी खासगी व्याज बावीस हजार, वर वजनातली घट. म्हणजे चाळीस हजारांच्या आसपास तोटा. त्या वेळी पेंड टनाला चाळीस हजारांच्या आत होती आणि तेलही बरेच उतरले होते. वरचाच हिशेब केला तर प्लँटला चार हजार तीनशेच्या आसपासच परवडत होते. दहा हजार सोडा, सहा हजारसुद्धा कुठून येणार होते? बाजार समितीची तारण योजना सहा टक्क्यांनी, मालाच्या किमतीच्या पाऊण हिश्श्यापर्यंत कर्ज देते, पण तीही १८० दिवसांपुरती. काढणीच्या गर्दीतून सुटायला ती चांगली. दोन वर्षे वाट पाहण्यासाठी ती नाही.

मला जास्त खटकते ते वेगळेच. जुलै २०२१ मध्ये हजर बाजार दहा हजारांकडे धावत असताना वायदे बाजारातला नव्या हंगामाचा, ऑक्टोबरचा भाव त्याच्या कितीतरी खाली चालत होता. तेजी काढणीपर्यंत टिकणार नाही, असे तो उघड सांगत होता. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने महागाईच्या काळजीने सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे बंद केले आणि पुढे बंदीची मुदत वेळोवेळी वाढवली. सट्टा थांबवायला निघालेल्या सरकारने पुढचा भाव दाखवणारा फळाच उतरवला. मग कास्तकाराने पाहायचे तरी कुठे? माल धरण्याआधी आडत्याला सोयाबीनचा भाव विचारण्यापेक्षा पेंडीचा भाव विचारा.