दुसऱ्या क्रमांकावर तीन संघ, मग बक्षीस कसं वाटायचं?

गणेशोत्सवातली किंवा कॉलेजच्या स्नेहसंमेलनातली प्रश्नमंजूषा संपते, गुणांची बेरीज होते आणि आयोजकांच्या टेबलाभोवती कुजबुज सुरू होते. तीन संघांचे गुण अगदी सारखे आलेले असतात. बक्षिसाची रक्कम संघांच्याच प्रवेश शुल्कातून जमली असेल, तर प्रश्न आणखी नाजूक होतो, कारण एकाला जास्त गेलेला रुपया दुसऱ्याच्या वाट्यातून कमी झालेला असतो.

समजा, 24 संघांनी प्रत्येकी 300 रुपये भरले आणि 7,200 रुपये जमले. पहिल्याला निम्मे, दुसऱ्याला 30 टक्के आणि तिसऱ्याला 20 टक्के असं आधीच ठरलं होतं. म्हणजे बक्षिसं झाली 3,600, 2,160 आणि 1,440 रुपयांची. निकालात एक संघ 42 गुणांनी पहिला आला, तीन संघ 38 वर अडकले आणि त्यांच्या मागचा संघ 35 वर राहिला.

इथे घाईत दोन चुका होतात. पहिली चूक म्हणजे तिघांनाही दुसरं बक्षीस पूर्ण देणं आणि 35 गुणांच्या संघाला तिसरं. तसं केलं तर 11,520 रुपये लागतात आणि हातात आहेत 7,200. ही चूक निदान लगेच पकडली जाते, पैसेच पुरत नाहीत. दुसरी चूक मात्र सहज खपून जाते, कारण हिशेब तंतोतंत जुळतो: दुसरं बक्षीस तिघांत वाटून प्रत्येकी 720 रुपये, आणि तिसरं बक्षीस 35 गुणांच्या संघाला. आता नीट पाहा. 38 गुणवाल्यांच्या हाती 720 आणि 35 गुणवाल्यांच्या हाती 1,440! कमी गुण मिळवणाऱ्याला दुप्पट पैसे. वाटणी तपासायची झाली तर सर्वांत आधी हेच पाहावं: मागचा संघ पुढच्यापेक्षा जास्त पैसे नेतोय का?

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. 35 गुणांचा संघ तिसरा नाहीच, पाचवा आहे. क्रमांक काढताना आपल्या पुढे किती संघ आहेत ते मोजायचं आणि त्यात एक मिळवायचा. त्याच्या पुढे चार आहेत. टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीत बार्शिम आणि तांबेरी यांनी सुवर्णपदक वाटून घेतलं, तेव्हा रौप्यपदक कोणालाच दिलं नाही. पुढच्या खेळाडूला थेट कांस्य मिळालं, कारण वरच्या दोन जागा भरल्या होत्या.

तसंच आपले तीन संघ मिळून दुसरी, तिसरी आणि चौथी अशा तीन जागा भरतात. या जागांची बक्षिसं एकत्र करायची: 2,160, 1,440 आणि चौथ्या जागेचं शून्य, एकूण 3,600. तिघांत वाटले की प्रत्येकी 1,200 रुपये. गोल्फच्या व्यावसायिक स्पर्धांत हीच रीत आहे. आणि ती न्याय्य का, तर एखाद्या गुणाने हे तिघे वेगळे झाले असते, तरी हेच 3,600 रुपये त्यांच्यातच राहिले असते. कोण पुढे आणि कोण मागे हे ठरलेलं नसल्यामुळे प्रत्येकाला सरासरी मिळते.

काही आयोजक बरोबरी फोडायला एक जादा प्रश्न विचारतात. कळसूबाईची उंची मीटरमध्ये लिहा, 1,646 च्या सर्वांत जवळ जाईल तो पुढे. चषक एकच असतो, त्यासाठी हे ठीक आहे. पण तीस-चाळीस प्रश्नांनी जे वेगळे पडले नाहीत, त्यांच्यात एका अंदाजावर 2,160 आणि शून्य एवढा फरक करणं मला पटत नाही. बुद्धिबळात ग्रँडमास्टर व्लास्तिमिल होर्ट यांच्या नावाने ओळखली जाणारी मधली वाट आहे: निम्मी रक्कम समान वाटायची, निम्मी बरोबरी फोडून आलेल्या क्रमाने. आपल्या उदाहरणात प्रत्येकाला 600 रुपये हमखास मिळतात, त्यावर क्रमाने 1,080, 720 आणि शून्य. म्हणजे 1,680, 1,320 आणि 600. जादा प्रश्नाला अर्थ राहतो आणि तो हरणारा संघही मोकळ्या हाताने जात नाही.

समान वाटणीलाही एक मर्यादा आहे. तिसऱ्या जागेवर पाच संघ आले, तर 1,440 चे पाच भाग होतात, प्रत्येकी 288 रुपये, म्हणजे भरलेल्या शुल्काहूनही कमी. अशा मोठ्या गर्दीत मात्र जादा प्रश्न घेतलेला बरा, आणि किती संघांपर्यंत वाटणी आणि त्यापुढे प्रश्न, हेही आधी ठरवावं. गुण कळल्यावर नियम ठरवायला बसलं, तर कोणता नियम कोणाला फायद्याचा हे सगळ्यांना दिसत असतं.

म्हणून नाव नोंदवण्याच्या कागदावरच दोन ओळी छापाव्यात: ‘गुण समान झाल्यास त्या संघांनी व्यापलेल्या जागांची बक्षिसं एकत्र करून समान वाटली जातील. तिसऱ्या जागेवर तीनहून अधिक संघ आल्यास जादा प्रश्न घेतला जाईल.’ आणि बरोबरी जाहीर करण्याआधी त्या संघांच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्याव्यात. कुठेतरी अर्धा गुण बेरजेत सुटलेला असू शकतो.