कंसातले साल, यादीतले साल

पंढरीच्या वारीवर लिहिलेला तीनशे पानांचा प्रबंध समजा. मजकुरात कंसात येते ‘(कर्वे, १९६२)’. शेवटच्या संदर्भसूचीत मात्र कर्वे यांची एकच नोंद आहे, तीही १९६१ ची. टंकलेखनाची चूक म्हणून दोनाचा एक करण्याचा मोह होतो, आणि तिथेच फसगत होते. इरावती कर्वे यांचे ‘हिंदू सोसायटी’ हे पुस्तक १९६१ चे. वारीवरचा त्यांचा इंग्रजी लेख ‘जर्नल ऑफ एशियन स्टडीज’मध्ये १९६२ साली आला. इथे साल चुकलेले नाही, अख्खी नोंदच राहून गेली आहे.

अशा चुका सरळ वाचत गेल्यावर सहसा दिसत नाहीत, कारण कंस आणि त्याची नोंद यांत दोनशे पाने असतात. म्हणून आधी मजकुरातले सगळे संदर्भ वेगळे काढावे लागतात. लेखक-साल पद्धतीत प्रत्येक संदर्भाला साल असतेच. त्यामुळे फाइलमध्ये ‘१९’ आणि ‘२०’ शोधत गेले की बहुतेक संदर्भ हाती लागतात. जुन्या ग्रंथांसाठी ‘१८’ही शोधावे. आकडे काही ठिकाणी देवनागरी, काही ठिकाणी इंग्रजी असतील, तर शोध दोन्हींचा घ्यायचा. तळटीपा, तक्त्यांखालच्या ओळी आणि परिशिष्टेही सोडायची नाहीत.

हाती आलेली यादी आडनावांप्रमाणे लावून सूचीशेजारी ठेवायची आणि दोन्ही बाजूंनी तपासायची. मजकुरात आहे पण सूचीत नाही, ती राहिलेली नोंद. सूचीत आहे पण मजकुरात कुठेच नाही, ती बहुधा वगळलेल्या परिच्छेदाची मागे उरलेली खूण. प्रबंधाची पद्धत फक्त उल्लेखिलेलेच ग्रंथ मागत असेल, तर ती काढावी लागते.

काही जोड्या अर्ध्याच जुळतात. दि. बा. मोकाशी यांची ‘पालखी’ १९६४ ची, तर फिलिप एंगब्लॉम यांचा इंग्रजी अनुवाद १९८७ चा. मजकुरात १९६४ आणि सूचीत १९८७ असेल, तर संशोधकाने प्रत्यक्षात कोणती प्रत वाचली हे पाहावे लागते, कारण दिलेला पृष्ठक्रमांक त्याच प्रतीत सापडेल.

झोटेरोसारखे सॉफ्टवेअर वापरले की सूची आपोआप तयार होते. पण घाईत हाताने टाइप केलेला कंस त्याला संदर्भ म्हणून ओळखूच येत नाही आणि त्याची नोंद सूचीत येत नाही.

दोन्ही याद्या तंतोतंत जुळल्या तरी एक शक्यता उरते. एल्सेव्हिअर या प्रकाशनसंस्थेच्या लेखन-नमुन्यात व्हॅन डर गीर आणि इतरांचा २००० सालचा एक लेख उदाहरणादाखल दिला होता. असा लेख कधी प्रसिद्धच झाला नव्हता. तरीही सुमारे चारशे शोधनिबंधांनी त्याचा संदर्भ दिल्याचे पुढे उघड झाले. अनेकांनी नमुन्यातली ओळ पुसलीच नव्हती. यादीशी यादी ताडून अशी नोंद पकडता येत नाही. त्यासाठी नियतकालिकाचा तो खंड आणि तेच पान उघडून लेख खरोखर तिथे आहे का, हे बघावे लागते.